बागेतल्या मातीतून अॅन्टिबायोटिक देणारे अॅक्टिनोमायसिटीज: डायल्युशनपासून क्रॉस स्ट्रीकपर्यंत नेमकं कुठे फसतं

प्रश्न: एमएस्सी मायक्रोच्या प्रोजेक्टसाठी कॉलेजच्या बागेतली माती घेतली, सिरियल डायल्युशन करून स्टार्च केसीन अगारवर टाकली. अर्ध्या प्लेट बुरशीने भरल्या, बाकीवर चिकट पसरणारे बॅक्टेरिया. त्यातूनही कशाबशा १२ पांढऱ्या कॉलनी काढल्या आणि क्रॉस स्ट्रीक केलं तर बाराच्या बारा चारही टेस्ट कल्चरना अडवतायत, सगळीकडे ३-४ मिलीमीटर. गाइड म्हणतात हे शक्य नाही. मॅडम, चुकलं कुठे?

उत्तर:

गाइड बरोबर बोलतायत. बारापैकी बारा अॅक्टिव्ह, तेही स्टॅफवर आणि ई. कोलायवर सारख्याच अंतराने, असं मातीत होत नाही. तुझ्या चुका दोन जागी आहेत, एक प्लेटिंगच्या आधी आणि एक क्रॉस स्ट्रीक करताना लूप जसा फिरवलास तिथे, आणि दुसरी जास्त फसवी आहे कारण तिचा रिझल्ट दिसायला छान दिसतो. पण क्रमाने जाऊ.

आधी माती. ओली माती थेट पाण्यात टाकलीस ना? बहुतेक जण तेच करतात. ओल्या मातीत ग्रॅम निगेटिव्ह बॅक्टेरिया भरपूर जिवंत असतात, ते दुसऱ्या दिवशी प्लेट भरून टाकतात आणि आपले अॅक्टिनो बिचारे पाचव्या-सहाव्या दिवशी डोकं वर काढणार, तोवर जागाच संपलेली. म्हणून मी वरचा दोन-तीन सेंटीमीटर थर बाजूला करून खालची, साधारण ८-१० सेंटीमीटर खोलीची माती घेते, खडे-मुळं काढून चाळते आणि वर्तमानपत्रावर सावलीत ७ दिवस पसरून ठेवते. उन्हात नको. सुकताना बिनबीजाणूचे बॅक्टेरिया मोठ्या प्रमाणात मरतात, अॅक्टिनोचे स्पोअर कोरडे राहूनही टिकतात. मग ती कोरडी माती ओव्हनमध्ये ६० डिग्रीला एक तास. इथे एक गोष्ट लक्षात ठेव, या उष्णतेने बॅसिलस मरत नाही. त्याचे एन्डोस्पोअर अॅक्टिनोच्या स्पोअरपेक्षा कितीतरी चिवट असतात, त्यामुळे माती तापवली म्हणजे सगळं साफ झालं असं समजू नकोस. तुझे ते चिकट पसरणारे म्हणजे बहुतेक बॅसिलसच असणार. त्याच्यावर उपाय तापमानात नाही, तो प्लेट कोरडी ठेवण्यात आणि डायल्युशन पुढचं वापरण्यात आहे.

प्लेट कोरडी म्हणजे काय, तर ओतल्यावर रात्रभर ३७ डिग्रीला उलटी ठेवायची, पृष्ठभागावर पाण्याचा थेंबसुद्धा दिसता कामा नये. ओल्या पृष्ठभागावर बॅसिलस अक्षरशः पोहत जातो, कोरड्यावर तो आपल्या जागी गोळा होऊन बसतो. एवढ्या एका गोष्टीने माझ्या विद्यार्थ्यांच्या निम्म्या तक्रारी बंद झाल्या.

बुरशीचं काम वेगळं. तिच्यासाठी मीडियात नायस्टॅटिन किंवा सायक्लोहेक्झिमाइड, मिलीलीटरला ५० मायक्रोग्रॅम. म्हणजे २०० मिली मीडियाला १० मिलीग्रॅम. नायस्टॅटिन पाण्यात नीट विरघळत नाही, थोड्याशा डीएमएसओमध्ये विरघळवून घे, आणि मीडिया ५० डिग्रीच्या आसपास आला, म्हणजे फ्लास्क हातात धरवतो एवढा, की मगच घाल आणि हलकेच फिरव. सायक्लोहेक्झिमाइड वापरणार असशील तर ग्लोव्ह्ज घाल आणि पावडर उडू देऊ नकोस, ते माणसालाही विषारी आहे. ग्रॅम निगेटिव्हचा जोर फारच असेल तर सोबत २० मायक्रोग्रॅम नॅलिडिक्सिक अॅसिड घालता येतं, पण माती नीट सुकवली असेल तर मला ते क्वचितच लागतं.

आणि ही बुरशीनाशकाची बाब पुढे जाऊन अंगावर येते. समजा तू आयसोलेशन प्लेटवरून कॉलनी उचललीस आणि सोबत अगारचा तुकडा आला, तो तसाच कॅन्डिडाच्या टेस्टला गेला, तर कॅन्डिडा अडणारच, त्यात तुझ्या आयसोलेटचं काही कर्तृत्व नाही. म्हणून स्क्रीनिंगच्या आधी साध्या, काहीच न घातलेल्या मीडियावर किमान दोन वेळा स्ट्रीक करून घे. शुद्धही होतं आणि औषधही मागे राहतं.

स्टार्च केसीन अगार चांगलाच आहे, बदलू नकोस. लिटरला स्टार्च १० ग्रॅम, केसीन फक्त ०.३ ग्रॅम, नायट्रोजनला पोटॅशियम नायट्रेट २ ग्रॅम, बाकी मिठं, पीएच ७ ते ७.२. इथे केसीन मुद्दाम कमी आहे, त्यामुळे घाईत वाढणाऱ्यांची उपासमार होते. कुणीतरी तुला कॉलनी लवकर याव्यात म्हणून पेप्टोन वाढवायचा सल्ला देईल, ऐकू नकोस. मंद वाढणारे हवे असतील तर मीडियाही गरीबच पाहिजे.

डायल्युशनबद्दल थोडंच सांगते, ते तुला येत असणार. १ ग्रॅम माती ९ मिली निर्जंतुक पाण्यात, दहा-पंधरा मिनिटं जोरात हलवायची कारण स्पोअर मातीच्या कणांना आणि एकमेकांना चिकटून असतात, मग १ मिली पुढच्या ९ मिलीत असं १०⁻⁵ पर्यंत. दर पायरीला नवीन टिप, आणि उचलायच्या आधी नळी पुन्हा हलव, माती तळाशी बसते आणि तू वरचं पाणी उचलतेस. १०⁻³, १०⁻⁴, १०⁻⁵ मधून ०.१ मिली, प्रत्येकी तीन प्लेट. मातीत अॅक्टिनो एका ग्रॅमला लाखांत ते अगदी कोटीपर्यंत असतात, त्यामुळे मोजण्याजोगी प्लेट बहुतेक १०⁻⁴ चीच निघते.

माझ्या एका बॅचचं उदाहरण देते. कढीपत्त्याच्या झाडाखालची माती होती, शेणखत घातलेली. १०⁻⁴ च्या तीन प्लेटवर अॅक्टिनो दिसणाऱ्या कॉलनी आल्या ३८, ४५ आणि ४३. सरासरी ४२. आता इथे निम्मी मुलं लिहितात ४२ गुणिले १० हजार, म्हणजे ४ लाख २० हजार. चूक. तू १ मिली नाही, ०.१ मिली पसरवलं आहेस, म्हणजे आणखी दहाने गुणायचं, ४२ लाख, कोरड्या मातीच्या दर ग्रॅमला. व्हायव्हामध्ये हे हमखास विचारतात.

प्लेट २८ डिग्रीला ७ ते १४ दिवस. एवढे दिवस अगार सुकतो, म्हणून प्लेटमध्ये २५ मिली जाड ओत आणि त्या पॉलिथिनच्या पिशवीत ओल्या कापसाच्या बोळ्याबरोबर ठेव. बोळा प्लेटला टेकता कामा नये. माझी एक सवय सांगते, दुसऱ्या दिवशी जे जे काही उगवलेलं असेल त्याच्या मागे काळ्या मार्करने ठिपका मारायचा. ते माझं नाही. अॅक्टिनो दोन दिवसांत डोळ्याला दिसेल एवढी कॉलनी सहसा करत नाही. सातव्या दिवशी ज्याच्या मागे ठिपका नाही तेवढंच बघायचं, नजर गोंधळत नाही.

तुझ्या त्या १२ पांढऱ्या कॉलनी खरंच अॅक्टिनो आहेत का हे आधी बघ, कारण पांढरी कोरडी बॅसिलसही दिसते. टूथपिकने टोक लाव. बॅसिलस लोण्यासारखा किंवा पापुद्र्यासारखा निघून येतो. अॅक्टिनो अगारमध्ये रुतलेली असते, कॉलनी निघत नाही, ओढलीस तर अगारचा टवका घेऊन येते, आणि वरती खडूची पूड टाकल्यासारखं दिसतं, पांढरं, राखाडी, कधी फिकट गुलाबी किंवा हिरवट. झाकण जरासं उघडलं की पहिल्या पावसाचा वास येतो, तो जिओस्मिनचा, स्ट्रेप्टोमायसीसची ती जुनी खूण. मात्र नाक प्लेटमध्ये खुपसू नकोस, मातीतलं काय काय उगवलंय ते तुला माहीत नाही, आणि बुरशीचे स्पोअर नाकात जातात. बुरशी की अॅक्टिनो असा प्रश्न पडला तर ग्रॅम स्टेन करून तंतूची जाडी बघ. अॅक्टिनोचा तंतू १ मायक्रॉनच्या आसपास, जांभळा. बुरशीचा त्याच्या कितीतरी पट जाड. ऑइल इमर्शनखाली फरक लपत नाही.

आमच्या त्या ४२ मधून दिसायला वेगवेगळ्या १५ उचलल्या. शुद्ध करता करता ११ उरल्या, कारण चार कॉलनी दोन-दोन जिवांची सरमिसळ होती आणि त्या वेगळ्या करता आल्या नाहीत.

आता तुझं खरं दुखणं. क्रॉस स्ट्रीक.

पद्धत कागदावर सोपी आहे. प्लेटच्या मधोमध आयसोलेटचा एक पट्टा, पाच-सहा दिवस २८ डिग्रीला वाढू द्यायचा, मग त्याला काटकोनात टेस्ट कल्चरच्या रेघा ओढायच्या, २४ तास ३७ डिग्रीला, आणि पट्ट्याच्या कडेपासून रेघ किती मागे थांबली ते मिलीमीटरमध्ये मोजायचं. मुळात मधले दिवस द्यायचे का, तर अॅन्टिबायोटिक हे वाढीच्या शेवटी, स्पोअर बनायच्या सुमाराला तयार होतं आणि अगारमध्ये पसरायलाही वेळ लागतो. दोन दिवसांच्या पट्ट्यावर रेघा ओढल्या तर चांगला प्रोड्युसरही निगेटिव्ह दिसेल. पट्टा पावडर धरायला लागला की मी रेघा ओढते, दिवस मोजण्यापेक्षा ते जास्त खरं.

टेस्ट कल्चरसाठी कुठूनतरी जुना स्लँट घेऊ नकोस, पुण्याच्या एनसीएलमध्ये एनसीआयएम हा कल्चर संग्रह आहे, कॉलेजच्या नावाने मागवता येतात. स्टॅफ हा रोग करणारा आहे, तेव्हा ते काम सरांच्या देखरेखीत, आणि प्लेट ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय बाहेर जाता कामा नये.

मग ३-४ मिलीमीटर सगळीकडे कसे आले? लूप आठव. रेघ कडेकडून पट्ट्याकडे ओढतेस ना, तसंच ओढायचं असतं, कारण उलट ओढलीस तर आयसोलेटचे स्पोअर रेघेत येतात. पण कडेकडून ओढताना लूपमधलं कल्चर वाटेत संपत जातं. कडेला भरगच्च, आणि नेमक्या पट्ट्याजवळ सगळ्यात विरळ. त्यात तू भीतीने पट्ट्याच्या दोन मिलीमीटर अलीकडेच लूप उचललास. म्हणजे काहीही अॅक्टिव्हिटी नसताना प्रत्येक रेघ तीन-चार मिलीमीटर आधी संपलेली दिसणार, चारही कल्चरना, बाराही आयसोलेटना. तुझा रिझल्ट हा तुझ्या हाताचा आहे, मातीचा नाही.

हे ओळखायचं कसं? कंट्रोल प्लेटने, आणि तू प्रश्नात कंट्रोलचं नावच काढलेलं नाहीस म्हणून माझा संशय पक्का झाला. एक प्लेट आयसोलेटशिवाय ठेव, पण ताजी नाही, बाकीच्यांबरोबर तीच सहा दिवस इनक्युबेटरमध्ये ठेवलेली, कारण सहा दिवसांनी अगार सुकून पातळ झालेला असतो आणि त्यावर तशीच टेस्ट कल्चर ताज्या प्लेटपेक्षा कमी वाढतात. त्यावर मधोमध मार्करने पट्ट्याएवढी जागा आखून तशाच रेघा ओढ. तिथेही ३ मिलीमीटर दिसले तर उत्तर मिळालं. दुसरी कंट्रोल म्हणजे ज्याच्यात काही अॅक्टिव्हिटी नाही असा एखादा अॅक्टिनो. ती जास्त मोलाची, कारण पट्टा नुसता वाढला तरी आजूबाजूचं अन्न खातो आणि पीएच हलवतो, आणि त्यामुळेही रेघेचं टोक मलूल दिसतं. हा असा मलूलपणा किती, तेवढा आधी वजा करायचा.

रेघेचा उपाय म्हणजे कल्चर ताजं, १८ ते २४ तासांचं, आणि धूसरपणा ०.५ मॅकफारलँडला जुळवलेला. लूपऐवजी निर्जंतुक कापसाची काडी वापरून बघ, ती वाटेत रिकामी होत नाही. आणि पट्ट्यापासून एक मिलीमीटरवर थांब, प्रत्येक रेघेला तेवढंच.

मीडियाचाही विचार कर. स्टार्च केसीन अगारवरच क्रॉस स्ट्रीक केलंस का? तिथे स्टॅफ बिचारा अर्धपोटी असतो, थोडा धक्का लागला तरी वाढत नाही. नुसत्या न्यूट्रिएंट अगारवर टेस्ट कल्चर मस्त वाढतात पण काही अॅक्टिनो स्पोअर धरत नाहीत. मी न्यूट्रिएंट अगारमध्ये १ टक्का स्टार्च घालते. ग्लुकोज मात्र टाळते, भरपूर ग्लुकोज असला की बऱ्याच स्ट्रेप्टोमायसीसचं अॅन्टिबायोटिक बनवणं दबतं. काहीही वापरलंस तरी आधी रिकाम्या प्लेटवर चारही कल्चर २४ तासांत ठणठणीत येतात का ते बघ.

आमच्या ११ मध्ये काय झालं ते सांगते, म्हणजे खरं आणि खोटं शेजारी शेजारी दिसेल. आठांनी काहीच दिलं नाही, कंट्रोलइतकंच. ४ नंबरने स्टॅफ, बॅसिलस सब्टिलिस, ई. कोलाय आणि कॅन्डिडा चौघांनाही ३ ते ४ मिलीमीटर, आणि कडा अस्पष्ट, हळूहळू विरळ होत गेलेली. ७ नंबरने स्टॅफला १४ आणि बॅसिलसला १८, कड सुरीने कापल्यासारखी, ई. कोलायला आणि कॅन्डिडाला शून्य. ११ नंबरने फक्त कॅन्डिडाला १२, बॅक्टेरियांना काही नाही.

बघ कसं बोलतं ते. खरा पदार्थ सगळ्यांशी सारखा वागत नाही. ई. कोलायला बाहेरून एक जादा पडदा असतो, बरेच रेणू त्यातून आत जातच नाहीत, म्हणून मातीतून येणारे अॅक्टिव्ह आयसोलेट बहुतेक ग्रॅम पॉझिटिव्हवरच जोर दाखवतात. ४ नंबरसारखं चौघांना सारखंच आणि थोडंसं दिसलं की आधी हात तपासायचा. ११ नंबरसारखा फक्त यीस्टवर चालणारा म्हणजे पॉलिइनचा संशय. आपल्याकडे याला जुनी परंपरा आहे, पिंपरीच्या हिंदुस्थान अॅन्टिबायोटिक्समध्ये तिरुमलाचार यांच्या गटाने जे हॅमायसिन काढलं तेही बुरशीविरोधी पॉलिइनच, आणि ज्या जिवातून ते मिळालं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. पिंपरीची मातीच नावात बसली आहे.

पण ७ नंबरलाही मी लगेच मान्यता दिली नाही. पट्ट्यातून ६ मिलीमीटरची अगारची चकती कापली, पट्टा वरून खरवडून टाकला, आणि ती चकती स्टॅफ पसरलेल्या ताज्या प्लेटवर उलटी ठेवली. दोन तास फ्रीजमध्ये, म्हणजे पदार्थ पसरेल पण स्टॅफ वाढणार नाही, मग ३७ डिग्रीला. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ गोल. ताज्या प्लेटवर अन्न भरपूर असतं, त्यामुळे उपासमारीचं कारण इथे संपलं. ४ नंबरच्या चकतीभोवती स्टॅफ चकतीला भिडून वाढला होता. गेला. सोबत पीएच पट्टी ओल्या अगारला लावून बघायची, आम्लामुळे अडत असेल तर ते कळतं. ७ नंबरला पीएच ७ च्या आसपासच होता.

तेव्हा तुझ्या बारांवर नवे पट्टे ओढ, दोन कंट्रोल लाव, आणि जे उरतील त्यांची चकती करून बघ. बारातून एक-दोन उरले तरी प्रोजेक्ट झकास. एकही उरला नाही तर मीडिया बदलून एकदा बघ, कारण एका मीडियावर गप्प बसणारा दुसऱ्यावर बोलू शकतो. निगेटिव्ह म्हणजे "या मीडियावर, या चार कल्चरना नाही" एवढंच.

रिपोर्टमध्ये दोन ठिकाणी हात आखडता घे. एक, १८ मिलीमीटरवाला १४ वाल्यापेक्षा ताकदवान असं लिहू नकोस. लहान रेणू अगारमध्ये लांब पळतो, पॉलिइनसारखा मोठा हळू सरकतो, आणि मिलीमीटरमध्ये ताकद आणि पळणं दोन्ही मिसळलेलं असतं. दोन, "नवीन अॅन्टिबायोटिक सापडलं" तर अजिबात नको. बागेच्या मातीतून पुन्हा पुन्हा स्ट्रेप्टोथ्रिसिन आणि स्ट्रेप्टोमायसिनसारखे जुनेच भेटतात, क्रॉस स्ट्रीक त्यांच्यात फरक करू शकत नाही, त्याला पदार्थ वेगळा काढून तपासावा लागतो. "ग्रॅम पॉझिटिव्हविरुद्ध पसरणारा प्रतिरोधक पदार्थ देणारा आयसोलेट" असं लिही, त्याला कुणी आव्हान देणार नाही.

आणि जो अॅक्टिव्ह निघेल त्याचे स्पोअर त्याच आठवड्यात २० टक्के ग्लिसरॉलमध्ये घालून उणे २० ला टाक, चार-पाच नळ्या. स्ट्रेप्टोमायसीसचं क्रोमोसोम सरळ दोरीसारखं असतं, त्याची टोकं गळतात, प्लेटवरून प्लेटवर फिरवत राहिलीस की पावडर कमी होते, टक्कल पडलेल्या कॉलनी दिसायला लागतात आणि अॅक्टिव्हिटीही जाऊ शकते. आमच्या ७ नंबरची पाचव्या सबकल्चरला १४ ची ६ झाली होती, नशीब की पहिल्या प्लेटची नळी फ्रीझरमध्ये होती. चकतीच्या टेस्टचे फोटो काढशील तेव्हा प्लेटखाली काळा कागद ठेव आणि शेजारी पट्टी, नाहीतर गोल दिसत नाही.